यादी येत नाही, म्हणून नोकरी सोडायची?

*ताई, माझी मुलगी बी.कॉम. झाली, वय २४. धारणीला तालुका आरोग्य कार्यालयात कंत्राटावर डेटा एन्ट्रीचं काम करते. दर महिन्याला बालविकास प्रकल्प कार्यालयाकडून कुपोषित मुलांची यादी मागवायची असते. ती वेळेवर येत नाही अन् मिटिंगमध्ये बोलणी हिला खावी लागतात. दोन वेळा सुट्टीत घरी येऊन रडली. मी म्हणतो राजीनामा दे, अमरावतीला क्लास लाव, मोठी अधिकारी हो, मग पाहू कोण माहिती देत नाही. तिची आई म्हणते लग्नाचं पाहा. ओळखीचे एक पुढारी आहेत, त्यांना त्या कार्यालयात फोन करायला सांगू का? तिच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. – एक वडील, परतवाडा*

भाऊ, आधी त्या फोनचं बोलू. तो करू नका. पुढाऱ्याच्या फोनने या महिन्याची यादी येईल, पण तुमच्या लेकीला वर्षातून बारा याद्या लागतात. त्या कार्यालयातले बाबू आणि पर्यवेक्षिका मग तिला 'फोन करवणारी' म्हणूनच ओळखतील. तिचं पत्र दिसलं की ते बाजूला ठेवतील आणि पुढच्या फोनची वाट पाहतील.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. तुम्ही राजीनामा सांगता, तिची आई लग्न सांगते, आणि अख्ख्या पत्रात त्या पोरीला काय हवंय याची एक ओळ नाही. हातात नसलेल्या गोष्टीसाठी चारचौघांत बोलणी बसली तर कुणालाही रडू येतं. त्यावरून ती नोकरीला नालायक आहे असं ठरत नाही. घरी आली की तिला एवढंच विचारा, 'तुझ्या पत्राला उत्तर का येत नाही असं तुला वाटतं?' आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या. तिला उत्तर बहुतेक माहीत असेल.

'मोठी अधिकारी झाली की माहिती आपोआप येते' हा समज मात्र मुळातूनच काढून टाका. अंगणवाडी सेविका पर्यवेक्षिकेच्या हाताखाली, पर्यवेक्षिका बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या, आणि त्यांच्या वर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. तुमच्या लेकीचे साहेब म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी; त्यांच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी. या दोन रांगा एकत्र येतात त्या थेट जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपाशी. म्हणजे आज तालुका आरोग्य अधिकारीसुद्धा प्रकल्प कार्यालयाला हुकूम सोडू शकत नाहीत, त्यांनाही विनंतीच करावी लागते. उद्या तुमची मुलगी एखाद्या मोठ्या खुर्चीत बसली तरी दुसऱ्या खात्याकडून यादी मागण्याचं काम तिच्यामागे राहीलच, आणि तेव्हा तिला मसुदा लिहून देणारं कुणीतरी हवं असेल.

राज्यसेवा, संयुक्त परीक्षा, जिल्हा परिषदेची भरती तिला द्यायची असेल तर नोकरी करतही देता येते. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात वयाची मर्यादा ३८ आहे, ती आज २४ची आहे.

आता ती झेरॉक्स. मी बरीच वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे असं पत्र आल्यावर त्याचं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. तिने लिहिलंय, 'आपल्या अधिनस्त कार्यक्षेत्रातील कुपोषित बालकांची संपूर्ण माहिती विहित नमुन्यात उलट टपाली सादर करावी. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' वर लाल शाईत 'अतितात्काळ'. सही साहेबांची असली तरी मसुदा तिचाच दिसतो, आणि तो जुन्या फाईलीतून उतरवलाय. चूक तिची एकटीची नाही, तिला कुणी शिकवलंच नाही.

'सादर करावी' असं आपण हाताखालच्या कार्यालयाला लिहितो. बरोबरीच्या कार्यालयाला 'उपलब्ध करून द्यावी' किंवा 'पाठवावी' लिहायचं असतं. या एका शब्दावर पलीकडचा माणूस दुखावतो आणि पत्र ढिगाच्या खाली जातं. 'उलट टपाली' ही तारीख नव्हे. 'अतितात्काळ' तर तिथे येणाऱ्या निम्म्या पत्रांवर असतं. आणि जबाबदारीचं ते शेवटचं वाक्य म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच दिलेली धमकी.

तरी खरा घोटाळा 'कुपोषित' या शब्दात आहे. अंगणवाडीत मुलाचं वजन वयाच्या मानाने पाहतात, त्यातून 'तीव्र कमी वजन' ही यादी निघते. आरोग्य खात्याला उपचारासाठी हवी असते ती 'सॅम' मुलांची यादी. त्यात वजन उंचीच्या मानाने पाहतात, किंवा सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का, दोन्ही पायांवर सूज आहे का, हे बघतात. मूल बुटकं असेल तर वयाच्या मानाने वजन फार कमी दिसतं, पण उंचीच्या मानाने ते ठीक असू शकतं. उलट उंच आणि वाळलेलं मूल पहिल्या यादीत तीव्र गटात दिसणारही नाही, आणि उपचाराची खरी गरज त्यालाच असेल. नुसतं 'कुपोषित' लिहिलं की एका पर्यवेक्षिकेच्या बीटमधून एक यादी येते, दुसरीच्या बीटमधून दुसरी. मग तुमची लेक त्या जोडत बसते, बेरीज जुळत नाही आणि मिटिंगमध्ये बोलणी बसतात.

नमुन्याचंही तसंच. जोडलेल्या तक्त्यात सतरा रकाने आहेत. आधार क्रमांक, बँक खातं, रक्तगट हे कशाला? लहान मुलांचे आधार क्रमांक असे कागदावर फिरवूही नयेत. सेविका मुलांची वजन-उंची मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. तिथे जे आधीच आहे तेवढंच मागितलं तर पर्यवेक्षिकेचं काम तासाभराचं होतं. नसलेला एक रकाना मागितला तर तिला बीटमधल्या सगळ्या अंगणवाड्यांना फोन करावे लागतात, आणि त्या रकान्यापायी सगळी यादी अडून बसते.

फाईल कशी हवी तेही लिहायला हवं. नाहीतर एक जण हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, दुसरा स्कॅन पाठवतो, तिसरा जुन्या कृतिदेव फॉन्टमधली एक्सेल. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही, तिथे 'अंगणवाडी' उघडल्यावर `vax.kokMh` अशी दिसते. म्हणून 'एक्सेल, युनिकोड मराठीत' हे तीन शब्द पत्रात हवेतच.

मुदत मागून मोजत यायची असते. समजा बालरोगतज्ज्ञांचं शिबिर मंगळवारी २० जुलैला आहे. गावागावात निरोप सोमवारी १९ला जायला हवेत. मध्ये शनिवार-रविवार. गाडीचा मार्ग शुक्रवारी १६ला ठरला पाहिजे, कारण मेळघाटात पावसात कुठल्या नाल्याला पूर येईल सांगता येत नाही. याद्यांची छाननी गुरुवारी. म्हणजे यादी बुधवारी १४ला दुपारी हातात हवी. मग फोन करून विचारायचं, या महिन्याची वजनं कधीपर्यंत भरून होतात? ते म्हणाले १० तारखेपर्यंत, तर १४ जमते. ते म्हणाले १५, तर पत्र पाठवण्यात अर्थ नाही, शिबिराचीच तारीख साहेबांशी बोलायची. झेरॉक्समध्ये तिने 'शनिवारपर्यंत' लिहिलंय. २०२० पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. दवाखाने शनिवारी चालू असतात म्हणून तिच्या लक्षात आलं नसेल, पण शनिवारची मुदत म्हणजे सोमवारची यादी.

तिला हा मसुदा दाखवा:

> विषय : शिबिरासाठी सॅम बालकांची नावानिशी यादी मिळणेबाबत.
>
> दि. २० जुलै रोजी उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांचे शिबिर आहे. कोणत्या गावांना गाडी पाठवायची हे आपल्या यादीवरून ठरणार आहे. तरी जुलै महिन्याच्या वजन-उंचीच्या नोंदीनुसार फक्त सॅम (उंचीच्या मानाने तीव्र कमी वजन) बालकांची यादी बुधवार, दि. १४ जुलै, दुपारी ३ पर्यंत उपलब्ध करून द्यावी, ही विनंती.
>
> रकाने : गाव, अंगणवाडीचे नाव व क्रमांक, बालकाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, वजन, उंची, मोजल्याची तारीख. एक्सेल, युनिकोड मराठीत. कोरा तक्ता ईमेलने पाठवला आहे.
>
> एखाद्या बीटची यादी अपुरी असल्यास तयार असलेली आधी पाठवावी. एकही बालक नसल्यास 'निरंक' कळवावे.

खाली तिचं नाव, टेबलचा फोन. आईचं नाव मुद्दाम आहे, कारण एकाच गावात एकाच नावाची दोन मुलं निघतात. 'निरंक'ची ओळही मुद्दाम आहे. ती नसेल तर रिकाम्या बीटकडून काहीच येत नाही, आणि मुलं नाहीत की यादी विसरली हे कळायला मार्ग राहत नाही.

पत्र गेलं की आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्यायची. मग तिकडून फोन येतो का ते बघायचं. 'कोणत्या महिन्याची?', 'सॅमच ना?' असे प्रश्न आले तर पत्रात तेवढं राहून गेलंय असं समजायचं आणि पुढच्या वेळी ते आधीच लिहायचं. १२ तारखेला एक साधा फोन, 'ताई, तक्ता उघडला ना?' एवढाच. १४ टळली तर १५ला सकाळी पहिल्या पत्राचा जावक क्रमांक देऊन दोन ओळींचं स्मरणपत्र. त्यानेही नाही आलं, तर साहेबांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे विषय न्यायचा. एका टेबलावर फाईल साधारण सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असा २००५चा विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे, त्याची आठवण तिथे करून द्यावी. पहिल्याच पत्रात कायदा लिहू नये.

मिटिंगमध्ये मात्र तिने दोन्ही पत्रांच्या पोच घेऊन बसावं. 'यादी आली नाही' असं नुसतं तोंडाने सांगितलं की दोष तिच्यावर येतो. पाठवल्याची तारीख, फोनची तारीख, स्मरणपत्राची तारीख आणि आलेल्या-न आलेल्या बीटची नावं असा एक कागद साहेबांच्या पुढे ठेवला, तर साहेबांना त्या कार्यालयाशी स्वतः बोलावं लागतं.

यापलीकडे एक अडचण राहील, ती तिच्या पत्राने सुटणार नाही. पावसात नेटवर्क गेलं, सेविकेची जागा रिकामी असली, तर नोंदच झालेली नसते. तिथे यादी मागून उपयोग नाही, आशाताईला घेऊन आरोग्य पथकानेच त्या गावात मोजमाप करावं लागतं. कुठली गावं तशी आहेत हे तिला तीन महिन्यांत कळेल, तोवर तिच्या राजीनाम्याचा विषय घरात काढू नका. पुढच्या पत्राचा मसुदा तिला स्वतःला लिहू द्या आणि पाठवण्याआधी मला दाखवायला सांगा.