ऑटाकॉइड्स एका पानात, आणि ॲव्हिलवरून झालेला वाद

प्रश्न: हिस्टामीन, सेरोटोनिन आणि प्रोस्टाग्लँडिन हे सगळं रिव्हिजनला एका पानात कसं बसवायचं? रिसेप्टरचे सबटाइप आणि त्यांच्यावरची औषधं रात्री पाठ होतात, सकाळी गायब. फार्मॅकचा पेपर जवळ आलाय, कुणी शॉर्टमध्ये सांगेल का?

एका पानात आरामात बसतं, फक्त रकाने औषधांच्या नावाने आखू नकोस, जी-प्रोटीनने आख. तीनच रकाने लागतात. जीक्यू म्हणजे पेशीत कॅल्शियम वाढणार, स्मूथ मसल आकसणार. जीएस म्हणजे सी-एएमपी वाढणार, स्मूथ मसल सैल पडणार, ग्रंथी असेल तर स्राव वाढणार. जीआय म्हणजे सी-एएमपी कमी, नर्व्हच्या टोकाशी असेल तर तिथून बाहेर पडणारं केमिकल कमी. आता भर. जीक्यूखाली एच-१, ५-एचटी-२, आणि प्रोस्टाग्लँडिनमधले ईपी-१, एफपी, टीपी. जीएसखाली एच-२, ५-एचटी-४, आयपी, ईपी-२, ईपी-४. जीआयखाली एच-३, एच-४, ५-एचटी-१, ईपी-३. एकटा ५-एचटी-३ कुठेच बसत नाही कारण तो जी-प्रोटीनवाला नाहीच, तो थेट आयन चॅनेल आहे, आणि व्हायवात हमखास तेच विचारतात.

एवढं कोणीही सांगेल. मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. हा चॅप्टर 'छोटा आहे, टेबल मारा आणि पुढे जा' असं आम्हाला शिकवलं गेलं, आणि तसा शिकलेला एक सीनियर रात्री दोनला कॅज्युअल्टीत माझ्याशी भांडला होता. ती केस सांगतो, तिन्ही ऑटाकॉइड तिच्यात आहेत.

पस्तिशीच्या आसपासची बाई, नवरा मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला. दुपारपासून अर्धं डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या, नेहमीचं मायग्रेन. गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कमरेत मारलं. अर्ध्या तासात नाकातून पाणी, डोळे लाल, चेहरा लालबुंद, मग छातीत शिट्ट्या. तिथेच ॲव्हिल आणि डेक्सा देऊन आमच्याकडे पाठवलेली. आमच्याकडे आली तेव्हा एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं, सॅच्युरेशन ८६, मानेचे स्नायू आत ओढले जात होते. अंगावर पित्त मात्र कुठेच नव्हतं, एकही गांधी नाही, खाज नाही. माझी नजर तिथेच अडकली.

मी ऑक्सिजन लावायला सांगितला आणि सिस्टरांना म्हटलं ॲड्रीनलीन काढा. सीनियर म्हणाले, "ॲव्हिल गेलंय ना? ॲलर्जीच आहे, अजून एक ॲम्प्युल दे, डेक्सा रिपीट कर आणि थांब. ॲड्रीनलीन कशाला, हार्टवर येईल." मी म्हटलं सर, ॲव्हिल जिथे काम करतं तिथे हिचा त्रासच नाहीये. ते चिडले, पण मी मांडीच्या बाहेरच्या बाजूला १:१००० मधलं अर्धा मिली, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, आयएम दिलं आणि सालबुटामॉलचं नेब्युलायझेशन चालू केलं. पंधरा-वीस मिनिटांत शिट्ट्या कमी झाल्या, बाई वाक्य पूर्ण करायला लागली. सर म्हणाले, "ॲव्हिल उशिरा लागू पडलं." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

आता ॲव्हिल का लागू पडणार नव्हतं ते बघ, तुझा निम्मा चॅप्टर इथेच आहे. फेनिरामिन एच-१ वर बसतं. पण तिच्या ब्रॉन्कसला आवळत होते मुख्यतः ल्युकोट्राईन्स. डायक्लोफेनॅकने कॉक्स-१ बंद केलं की पीजीई-२ पडतं. हे पीजीई-२ ईपी-२ वरून मास्ट सेलला आणि ५-लायपॉक्सिजिनेजच्या रस्त्याला आवरून धरत असतं. ज्यांना दमा, नाकात पॉलिप आणि ॲस्पिरिन सहन न होणं असं त्रिकूट असतं, त्यांच्यात हा लगाम सुटला की ल्युकोट्राईन सी-४, डी-४, ई-४ चा पूर येतो. थोडं हिस्टामीनही सुटतं, चेहरा त्यानेही लाल होतो, पण श्वास अडतो तो मुख्यतः सिस-एलटी-१ रिसेप्टरवरून. तिथे एच-१ ब्लॉकर काय करणार? नंतर शांतपणे विचारलं तेव्हा नवऱ्याने सांगितलं की नाकातल्या मांसाचं ऑपरेशन झालेलं, वास येत नाही, आणि पूर्वी डिस्प्रिन घेतल्यावर एकदा दम लागला होता. दवाखान्यात हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि जरी खरोखर हिस्टामीनच मुख्य असतं, मधमाशी चावली असती, तरी ॲव्हिल पहिलं औषध नाहीच. ॲव्हिल रिसेप्टरची जागा अडवतं, आधीच झालेलं काम उलटवत नाही, पडलेलं बीपी वर आणत नाही. ॲड्रीनलीन हे फिजिऑलॉजिकल अँटॅगोनिस्ट आहे. अल्फा-१ ने व्हेसल्स आवळतं, बीटा-२ ने ब्रॉन्कस उघडतं, आणि मास्ट सेलवरच्या बीटा-२ ने पुढचा माल सुटणं थांबवतं. कोणत्या केमिकलने त्रास चाललाय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, म्हणून ते चालतं. डेक्साला तर काम करायला तास लागतात. हा फरक 'कॉम्पिटिटिव्ह विरुद्ध फिजिऑलॉजिकल अँटॅगोनिझम' म्हणून तू पहिल्याच चॅप्टरमध्ये वाचलायस, फक्त तो इथे आणून जोडायला कुणी सांगत नाही.

एच-१ चं एक मात्र नीट समजून घे कारण तिथे पोरं गोंधळतात. जीक्यू आहे तर ब्रॉन्कस आकसतं हे ठीक, मग व्हेसल्स का फुलतात? कारण व्हेसलमधला हा एच-१ आतल्या एंडोथेलियमवर आहे. कॅल्शियम तिथेही वाढतं, पण त्या पेशीत कॅल्शियम वाढलं की नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते बाहेरच्या मसलला सैल करतं. एंडोथेलियमच्या पेशी आकसून मध्ये फटी पडतात, म्हणून सूज. एवढं कळलं की ट्रिपल रिस्पॉन्स पाठ करावा लागत नाही. औषधांत जुनी फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन मेंदूत शिरतात म्हणून झोप येते, शिवाय मस्कॅरिनिक ब्लॉक करतात म्हणून तोंड कोरडं पडतं. सेटिरिझिन कमी शिरतं, फेक्सोफेनाडिन जवळपास नाहीच. टर्फेनाडिन आणि ॲस्टेमिझोल क्यूटी वाढवायची म्हणून बाजारातून गेली.

आता सेरोटोनिन. तिचं डोकं दुखतच होतं, आणि डायक्लो परत द्यायचा प्रश्नच नव्हता. मायग्रेनला सुमाट्रिप्टान, ५-एचटी-१बी आणि १डी वर ॲगोनिस्ट. जीआय रकान्यात बघ, १डी ट्रायजेमिनलच्या टोकावर आहे, तिथून सीजीआरपी सुटणं कमी होतं, आणि १बी मेंदूभोवतीच्या फुललेल्या व्हेसल्स आवळतो. हाच १बी कोरोनरीवरही आहे, म्हणून इस्केमिक हार्ट डिसीज असेल तर ट्रिप्टान नाही, आणि अर्गट घेतलं असेल तर २४ तास नाही. आमच्या बाईला मात्र ॲड्रीनलीननंतर लगेच व्हेसल्स आवळणारं दुसरं औषध नको म्हणून त्या रात्री दिलं नाही, पॅरासिटामॉल ५०० वर भागवलं. एक ग्रॅम मुद्दाम दिलं नाही, कारण त्या डोसला अशा पेशंटपैकी काहींना रिॲक्शन येते. उलटीला ओंडानसेट्रॉन, ५-एचटी-३ ब्लॉकर, व्हेगसच्या टोकांवर आणि सीटीझेडमध्ये. त्याने नंतर पोट साफ होत नाही हेही लक्षात ठेव, कारण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच आहे. ५-एचटी-४ वर उलटं काम करणारं प्रुकॅलोप्राइड बद्धकोष्ठतेलाच देतात.

५-एचटी-२ मध्ये २ए लिही, प्लेटलेट चिकटवणारा, क्लोझापिन-रिस्पेरिडोन जिथे ब्लॉक करतात तो. सायप्रोहेप्टाडिन २ए आणि एच-१ दोन्ही ब्लॉक करतं, म्हणून ते दोन्ही रकान्यांतून बाण काढून मध्ये लिही. २बी वर हार्टच्या व्हॉल्व्हचं फायब्रोसिस, फेनफ्लुरामिन त्याच कारणाने गेलं. बस, पुढचे सबटाइप तुझ्या पेपरला लागणार नाहीत.

प्रोस्टाग्लँडिनसाठी एकच पेशी काढ, पोटातली परायटल सेल. तिच्यावर एच-२ जीएस, सी-एएमपी वाढवून ॲसिड वाढवतो. शेजारीच ईपी-३ जीआय, तेच सी-एएमपी खाली आणतो. फॅमोटिडिन पहिल्याला अडवतं, मिसोप्रोस्टॉल दुसऱ्याला चालवतं, आणि डायक्लोफेनॅक दुसऱ्याचं पीजीई-२ च बंद करतं, म्हणून अल्सर. एका चित्रात दोन ऑटाकॉइड आणि तीन औषधं आली. बाकी पटकन: डोळ्यात एफपीवर लॅटानोप्रोस्ट, आयपीवर इलोप्रोस्ट, पीपीएचला कार्बोप्रोस्ट २५० मायक्रोग्रॅम आयएम, पण एफपी ब्रॉन्कसही आवळतो म्हणून दम्याच्या बाईला कार्बोप्रोस्ट नाही. ॲस्पिरिन कॉक्सला कायमचं बंद करतं आणि प्लेटलेटला न्यूक्लियस नाही, म्हणून टीपीवाला थ्रॉम्बॉक्सेन ए-२ तिच्या उरलेल्या आयुष्यात परत बनत नाही. डीपी राहिले, ते एकदा पुस्तकातून बघून घे.

त्या बाईच्या कागदावर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं की ॲस्पिरिन, डायक्लो, आयबुप्रोफेन कधीच नाही. दुखण्याला कमी डोसमध्ये पॅरासिटामॉल किंवा एटोरिकॉक्सिब, कारण कॉक्स-२ वाली बहुतेकांना सोसतात, तरी पहिला डोस डॉक्टरसमोरच. मायग्रेन रोखायला प्रोप्रॅनोलॉल नाही, दमा आहे. शिवाय बीटा ब्लॉकरवरच्या पेशंटमध्ये ॲड्रीनलीन नीट चालत नाही, तिथे ग्लुकागॉन लागतं. मॉन्टेलुकास्ट सुरू केलं, ते सिस-एलटी-१ वर बसतं, पण चालू अटॅक त्याने थांबत नाही.

हे लिहायला हवं म्हणून लिहितो: ॲड्रीनलीन आयएम म्हणतोय, शिरेतून बोलस नाही, तिथे खरंच हार्टवर येतं. आणि ॲस्पिरिनवाल्या अशा रिॲक्शनमध्ये नुसत्याच शिट्ट्या असतील, पेशंट बोलत असेल, सॅच्युरेशन ठीक असेल तर नेब्युलायझेशनवर भागतं, त्यात सरांचं थांबायचं म्हणणं बसलं असतं. ८६ वर नाही. खाज आणि गांधी असतील तर ॲव्हिल दे, जरूर दे, त्वचेसाठी ते चांगलंच आहे, पण मांडीत ॲड्रीनलीन गेल्यानंतर.