रविवारची टेकडी, मंगळवारचा जिना आणि लॅक्टिक ॲसिड

प्रश्न: मी घणसोलीत पोलीस भरतीच्या मुलांचा सराव घेतो. रविवारी पारसिक हिलवर चढ-उतार करून घेतले, मंगळवारी निम्म्या मुलांना जिना उतरवेना. मांड्यांत लॅक्टिक ॲसिड साचलंय, पुन्हा पळवलं की निघून जाईल, असं सगळे सांगतात. खरं आहे का? मुलांना काय सांगू?

उत्तर:

नाही सर, खरं नाही. रविवारचं लॅक्टिक ॲसिड मंगळवारी त्या मांड्यांत उरलेलंच नव्हतं. मुलं टेकडी उतरून नाश्त्याला बसली असतील तोवर ते जवळपास नेहमीच्या पातळीवर आलेलं असणार. जोरात पळाल्यावर रक्तात वाढलेलं हे द्रव्य साधारण तासाभरात खाली येतं, आणि पळून झाल्यावर हळूहळू चालत राहिलं तर त्याहून लवकर. शरीरात ते ॲसिडच्या रूपात राहतही नाही, लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन असे वेगळे होतात, म्हणून पुढे मी लॅक्टेटच म्हणते. हे लॅक्टेट म्हणजे घाण नव्हे. हृदय आणि आजूबाजूचे स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, उरलेल्याची यकृत पुन्हा साखर बनवतं.

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. येऊरच्या चढावर पळायला जाणारी बरीच मुलं माझ्याकडे अशीच मांड्या धरून येतात, आणि तुमच्या मुलांसारखंच सांगतात: जिना चढता येतो, उतरता येत नाही. खरं कारण या तक्रारीतच आहे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू जोर लावतो, पण लांबत जातो, कारण शरीराचं वजन गुडघा वाकवत असतं आणि स्नायू त्याला लगाम घालत असतो. रस्सीखेचीत पूर्ण जोर लावूनही संघ पुढे ओढला जातो, तसं. अशा लांबत जाणाऱ्या आकुंचनाला एक्सेंट्रिक म्हणतात. दम त्यात चढण्यापेक्षा पुष्कळच कमी लागतो, ऑक्सिजन कमी खर्च होतो, लॅक्टेटही कमी तयार होतं. आणि तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं ते यामुळेच.

हे मुलांना सांगून पटत नाही, करून पटतं. गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढ्या उंचीचं, न हलणारं बाकडं घ्या. सांगा: उजवं पाऊल आधी वर ठेवायचं, त्याच पायाच्या जोरावर चढायचं, डावं शेजारी आणायचं. उतरतानाही उजवंच आधी खाली टेकवायचं, हळूहळू. पाय बदलायचा नाही. म्हणजे प्रत्येक वेळी शरीर उचलतो उजवा पाय आणि खाली सोडतो डावा. सवय नसलेल्या मुलाने दहा मिनिटं केलं तरी पुरे, त्याहून जास्त करून घेऊ नका. करताना विचारलंत तर बहुतेक मुलं उजवी मांडी दमली म्हणतील. दोन दिवसांनी विचारा, हात डाव्या मांडीवर जाईल.

दोन्ही पायांत रक्त एकच फिरतंय. लॅक्टेट जास्त झालं असेल तर ते उचलणाऱ्या उजव्या पायात. मग दुखणं डाव्यात का? लॅक्टिक ॲसिडवाल्यांकडे याचं उत्तर नाही. एका पायाने चढायचं आणि दुसऱ्याने उतरायचं, ही युक्ती संशोधकांनी फार पूर्वीच प्रयोगशाळेत वापरून पाहिलेली आहे.

आणखी थेट पुरावा 1983 सालचा आहे. श्वेन नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना ट्रेडमिलवर सपाट पळवलं आणि काहींना दहा टक्के उतारावर, दोघांनाही 45 मिनिटं. सपाट पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं, पण नंतर त्यांना काही दुखलं नाही. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलंच नाही आणि त्यांचेच पाय भरून आले. याहून स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. इतकी वर्षं झाली तरी मैदानावर हा निकाल पोचलेला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या समजुतीपायी मुलांना नको तेव्हा पळवलं जातं.

मग नेमकं होतं काय? स्नायूचा एकेक तंतू सार्कोमियर नावाच्या अगदी सूक्ष्म तुकड्यांच्या ओळीने बनलेला असतो. ताण असताना लांबवलं की त्यातले काही कमकुवत तुकडे मर्यादेबाहेर ताणले जातात आणि त्यांची रचना विस्कटते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1981 मध्ये लोकांना जिने उतरायला लावून नंतर पोटरीचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा सार्कोमियरना जोडणाऱ्या रेषा वेड्यावाकड्या झालेल्या दिसल्या. पण हे विस्कटणं त्याच क्षणी दुखत नाही. पुढच्या काही तासांत तिथे दाह सुरू होतो, दुरुस्तीसाठी पेशी येतात, थोडी सूज येते, आणि तिथून सुटणारी रसायनं मज्जातंतूंची टोकं हळवी करून ठेवतात. एरवी ज्या दाबाने काही वाटत नाही त्या दाबानेच कळ येते. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सुरू होतं, 24 ते 72 तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याभरात जातं. रविवारी टेकडी, मंगळवारी जिना, हे त्या वेळापत्रकात चपखल बसतं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. 800 मीटरच्या शेवटच्या वळणावर मांड्यांत जी आग होते ती वेगळी. तिथे स्नायूतली आम्लता वाढणं आणि त्याबरोबर साठणारी इतर द्रव्यं यांचा हात आहे, आणि त्यात लॅक्टेटही असतं. पण ती आग थांबल्यावर काही मिनिटांत विझते. गोंधळ बहुधा इथेच झाला असावा: आग आणि दुखणं दोन्ही मांडीतच, म्हणून दोन्हींचं खापर एकावरच. भर म्हणून 1907 साली फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या शरीराबाहेर काढलेल्या, थकवलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठलेलं दाखवलं. थकवा आणि ॲसिड ही जोडी तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. मंगळवारी मुलांना पुन्हा पळवायचं का? हलकं चालणं, सायकल, आरामात हातपाय हलवणं चालेल. हलत असताना दुखणं कमी वाटतं, थांबल्यावर परत येतं. पण त्याने काही "फ्लश" होत नाही, कारण फ्लश करण्यासारखं तिथे काही नाहीच. कूल-डाऊनचंही तेच: लॅक्टेट लवकर उतरतं, पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याने कमी झालेलं दिसत नाही. स्ट्रेचिंगवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात फरक निघाला तो 100 गुणांच्या मापावर सुमारे एका गुणाचा. म्हणजे मुलाला जाणवणारही नाही. मसाजने थोडं बरं वाटतं, करू द्या, फक्त ॲसिड पिळून काढतोय असं सांगू नका.

त्या दिवशी टायमिंग लावून 1600 मीटर तर मुळीच घेऊ नका. स्नायूची ताकद दुखणं सुरू होण्याआधीच, टेकडी उतरल्या उतरल्या घटलेली असते आणि परत यायला काही दिवस लागतात. गुडघा नेमका किती वाकलाय याचा अंदाजही बिघडतो. अशा पायांवर वेगाने पळणारा मुलगा पाऊल चुकीचं टाकतो आणि साध्या भरलेल्या मांडीची खरी दुखापत होते. उलट, दुखणं जास्त म्हणजे इजा जास्त, असंही धरू नका. दोघांचा मेळ नीट बसत नाही.

उपाय रविवारच्या आधी आहे. स्नायूला एकदा उताराची चव मिळाली की पुढच्या वेळी तोच उतार त्याला फार कमी दुखवतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. चांगली गोष्ट अशी की त्यासाठी पहिल्यांदा बेजार व्हावं लागत नाही, थोडक्या डोसनेही संरक्षण मिळतं. तुमच्या जागी मी असं करीन: पहिल्या रविवारी मुलं चढावर पळतील, पण उतरताना सगळी चालत येतील, शेवटची काही मिनिटं फक्त हलकं पळत. पुढच्या रविवारी अर्धा उतार पळत. तिसऱ्या रविवारी पूर्ण. मधल्या आठवड्यात बैठका घ्यायच्या तर पहिल्या दिवशी दहा-दहाचे दोन सेट, खाली जाताना सावकाश. जो मुलगा महिना-दोन महिने गावी जाऊन आलाय त्याला पुन्हा पहिल्या रविवारपासून सुरू करा, तो कितीही दणकट असला तरी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या या दुखण्याला डॉम्स म्हणतात. डॉम्स आणि दुखापत यातला फरक मुलांना ओळखता यायला हवा. डॉम्स दोन्ही पायांत साधारण सारखं असतं, सबंध स्नायूभर पसरलेलं असतं, आणि पळताना त्याचा पत्ता नसतो. पळता पळता कट्कन कळ आली, बोट ठेवून एकच जागा दाखवता येते, निळं-काळं पडलंय, तर ते डॉम्स नव्हे. त्या मुलाला थांबवा आणि दाखवून आणा.

आणि एक धोका, ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहिलं. "ॲसिड निघेपर्यंत रगडा" म्हणून भरलेल्या मांड्यांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा शेकडो बैठका काढायला लावतात, काही ठिकाणी शिक्षा म्हणून, तेही आपल्याकडच्या मे महिन्यात, पाणी कमी प्यायलेल्या मुलांना. यातून कधी कधी स्नायूपेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या टणक सुजल्या, दुखणं दिवसागणिक कमी न होता वाढतंय, गुडघा वाकेना, किंवा लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, यातलं काहीही दिसलं तर मुलाला घरी पाठवून सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये न्या, डॉक्टरांना रक्तातलं सीके, म्हणजे फुटलेल्या स्नायूंतून रक्तात येणारं द्रव्य, तपासायला सांगा, किती बैठका झाल्या ते खरं सांगा. तोवर ब्रुफेनसारखी वेदनाशामक गोळी देऊ नका, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांवरच आणखी भार टाकते.