रात्रपाळीतली चुकणारी तारीख : बग रिपोर्ट कसा लिहाल?

प्रश्न : गोदामातून बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद आम्ही मोबाइल ॲपमध्ये करतो. रात्रपाळीला कधी कधी तारीख चुकीची येते. तीनदा कळवलं, दरवेळी 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून तिकीट बंद. बग रिपोर्ट लिहायचा तरी कसा?

उत्तर : तुमचं तिकीट 'कधी कधी' या दोन शब्दांनी बंद पाडलंय. टीममधला माणूस सकाळी अकरा वाजता ॲप उघडतो, तारीख बरोबर दिसते, तो तिकीट बंद करतो. त्याच्या जागी दुसरं कोणीही हेच करेल. म्हणून लिहायला बसण्याआधी 'कधी कधी' म्हणजे नेमकं कधी, हे शोधायचं.

त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आधी फोन बदला, बाकी सगळं तेच ठेवा. मग लॉगिन बदला. मग वेळ. दरवेळी घड्याळात किती वाजले होते आणि ॲपने कोणती तारीख दाखवली, एवढंच कागदावर टिपा. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की, रात्री बारानंतर आदल्या दिवसाची तारीख येत असणार आणि पहाटे साडेपाचला ती आपोआप सुधारत असणार. तसं असेल तर ५:२५ ला एकदा आणि ५:३५ ला एकदा मुद्दाम बघा. एवढ्या दोन नोंदी मिळाल्या तरी निम्मं काम झालं.

साडेपाचच का? भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे ६ मार्चचे रात्रीचे १२:४० वाजतात तेव्हा यूटीसीत ५ मार्चचे संध्याकाळचे ७:१० असतात. प्रोग्रॅमर 'आजची तारीख' काढायला बऱ्याचदा ही ओळ वापरतात :

```
new Date().toISOString().slice(0, 10)
```

ही ओळ यूटीसीची तारीख देते, आपली नाही. दिवसभर दोन्ही तारखा सारख्याच असतात, त्यामुळे ऑफिसच्या वेळेत चूक कोणाच्या नजरेला पडत नाही.

आता रिपोर्ट. मी तो असा लिहीन (तारखा, व्हर्जन आणि बटणांची नावं नमुन्यादाखल आहेत, तुमच्या स्क्रीनवर जे अक्षरशः दिसतं तेच घाला) :

शीर्षक : रात्री १२ ते पहाटे ५:३० दरम्यान नवीन जावक नोंदीत आदल्या दिवसाची तारीख येते

कुठे : ॲप व्हर्जन ४.२.१, अँड्रॉइड १३, दोन वेगळे फोन. टाइम झोन भारताचा, वेळ ऑटोमॅटिक.

स्टेप्स :
१. रात्री १२ नंतर आणि ५:३० च्या आधी ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.
२. गेट सुपरवायझरच्या लॉगिनने आत जा.
३. 'जावक' दाबा, मग 'नवीन नोंद'.
४. काहीही न भरता 'जावक तारीख' या रकान्यात आपोआप आलेली तारीख बघा.

काय यायला हवं : ६ मार्चला रात्री १२:४० वाजता उघडल्यास ०६/०३. गेटपासवर गाडी बाहेर पडल्याची कॅलेंडरची तारीख छापली जाते आणि ही तारीख तिच्याशी जुळायला हवी.

काय येतं : ०५/०३.

किती वेळा : ५ पैकी ५ वेळा. पहाटे ५:२५ ला चुकीची, ५:३५ ला बरोबर.

आणखी : हाताने ०६/०३ निवडून सेव्ह केलं तर यादीत ०६/०३ च राहते. १ तारखेच्या रात्रीच्या नोंदी मागच्या महिन्याच्या अहवालात जातात.

यातल्या काही ओळी मुद्दाम तशा आहेत. पहिल्या स्टेपमध्ये 'पूर्ण बंद करून' का लिहिलं? रात्री अकराला उघडलेला फॉर्म तसाच ठेवून साडेबाराला भरला, तर त्यातही आदल्या दिवसाची तारीख दिसू शकते. पण तो बग निराळा : फॉर्म उघडताना भरलेली तारीख नंतर बदललीच नाही. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. ही वाट आधीच बंद केली नाही, तर टीम दुसराच बग दुरुस्त करून 'झालं' म्हणेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच.

सगळ्यात जास्त घोळ 'काय यायला हवं' या ओळीत होतो. बहुतेक लोक 'तारीख बरोबर यायला हवी' असं लिहून मोकळे होतात. पण बरोबर म्हणजे कोणती? समजा हाच प्रश्न हजेरीचा असता. रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी बऱ्याच ठिकाणी ज्या दिवशी सुरू झाली त्याच तारखेला धरतात. तिथे रात्री १२:४० ला आदल्या दिवसाची तारीख दिसणं हेच बरोबर, आणि टीम 'मुद्दामच तसं ठेवलंय' म्हणून तिकीट बंद करेल, तेही रास्तपणे. म्हणून अपेक्षित तारीख आकड्यात लिहा आणि ती कशावरून ठरते तो नियम एका वाक्यात जोडा. तुमच्याकडे गेटपास आहे, त्याहून चांगला पुरावा नाही.

'हाताने निवडल्यावर बरोबर राहते' ही ओळ किरकोळ वाटेल. तिच्यावरून प्रोग्रॅमरला कळतं की सेव्ह करण्याचा भाग बहुधा ठीक आहे, चूक आपोआप भरण्यात आहे. जे नीट चालतं तेही लिहायचं ते यासाठीच.

टाइम झोनची शंका लिहायची असेल तर सगळ्यात शेवटी, 'अंदाज' असं म्हणून लिहा. शीर्षकात 'टाइम झोनचा बग' लिहिलंत आणि अंदाज चुकला, तर माणूस दिवसभर भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

स्क्रीनशॉट घेताना वरची पट्टी कापू नका. तिच्यातलं १२:४० चं घड्याळ आणि खालची ०५/०३ ही तारीख एकाच चित्रात आली पाहिजे. पट्टीत वेळच दिसते, दिवस दिसत नाही, म्हणून लॉक स्क्रीनचा एक स्क्रीनशॉट सोबत जोडा. ड्रायव्हरचं नाव, मोबाइल आणि गाडीचा नंबर मात्र झाकून टाका.

एक प्रश्न उरतो : टीमने दिवसा हे तपासायचं कसं? त्यांना रात्री जागायला सांगू नका. भारतात सकाळी अकरा वाजता फोनचा टाइम झोन होनोलुलूचा करा. तिथे यूटीसीच्या दहा तास मागची वेळ असते, म्हणजे फोन आदल्या दिवसाचे संध्याकाळचे ७:३० दाखवेल. यूटीसीत मात्र पुढची तारीख सुरू झालेली असते. तेव्हा ॲप पूर्ण बंद करून उघडल्यावर रकान्यात फोनच्या तारखेपेक्षा एक दिवस पुढची तारीख आली, तर तोच बग उलट्या बाजूने दिसला. आपल्याकडच्या पहाटे ५:३० पासून दुपारी ३:३० पर्यंत हे करून बघता येतं. आधी स्वतः करा, जमलं तर रिपोर्टमध्ये 'दिवसा तपासण्यासाठी' म्हणून जोडा.

इथे एक मेख आहे. तारीख फोनऐवजी सर्व्हरकडून येत असेल, तर होनोलुलूच्या झोनमध्येही रकान्यातली तारीख भारतातलीच, म्हणजे फोनच्या पुढचीच दिसेल आणि फसगत होईल. त्यामुळे झोन भारताचा असताना रात्री टिपलेली ५:२५ आणि ५:३५ ची जोडीच मुख्य पुरावा, होनोलुलू फक्त सोयीपुरता.