साका पडणार का? आधी मिक्स झाल्यानंतरचं कॉन्सन्ट्रेशन काढ

बघ, सुरुवातीला सगळे एकाच जागी अडकतात, बाटलीवर लिहिलेलं कॉन्सन्ट्रेशन तसंच सूत्रात टाकतात. समज 0.02 M लेड नायट्रेट आणि 0.06 M मीठ, दोन्ही 50-50 मिली एकत्र केले, तर व्हॉल्यूम दुप्पट झालं म्हणजे लेड 0.01 आणि क्लोराईड 0.03 उरलं, हेच आकडे घ्यायचे.

आता लेड क्लोराईडचं सूत्र PbCl₂, म्हणून क्लोराईडचा वर्ग:

[Pb²⁺][Cl⁻]² = 0.01 × (0.03)² = 9 × 10⁻⁶

Ksp, म्हणजे साका पडायला ओलांडावी लागणारी मर्यादा, आहे साधारण 1.7 × 10⁻⁵. आपला वरचा गुणाकार, म्हणजे आयनिक प्रॉडक्ट, त्याहून कमी आला, म्हणजे साका नाही. पण तेच डायल्युशन विसरलास तर 7.2 × 10⁻⁵ येतं, वर्ग विसरलास तर 3 × 10⁻⁴, दोन्हीवेळी उत्तर उलटं, "साका पडतो"! म्हणून आकडेमोडीआधी हे दोनच तपास:

- एकूण व्हॉल्यूम किती झालं
- कुठल्या आयनला कुठला घात

अजून एक, Ksp 25 अंशांचं असतं. आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये लॅब चाळिशीला जाते आणि लेड क्लोराईड गरम पाण्यात जास्त विरघळतं, त्यामुळे काठावरच्या केसमध्ये गणितात साका असला तरी टेस्ट ट्यूब स्वच्छ दिसू शकते, नळाखाली गार करून बघ. कॉमन आयन वगैरे नंतर.