रफ वहीतलं रीडिंग

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अर्जाच्या स्टेटमेंटचा मसुदा दोनदा वाचला. पुण्याच्या एनसीएल या रासायनिक प्रयोगशाळेत उन्हाळ्यात दोन महिने काम करायचंय, आणि गाठीशी कॉलेजच्या प्रॅक्टिकलशिवाय काही नाही, ही तुझी धास्ती त्यात ओळीओळीत दिसते. म्हणूनच पहिला अर्धा भाग लहानपणापासूनच्या विज्ञानाच्या आवडीत गेलाय आणि दुसरा उपकरणांच्या यादीत. दोन्ही काढून टाक. यादीतलं गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे जीसी, तू लांबून पाहिलं आहेस, हाताळलेलं नाहीस. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्यावरच येईल.

त्यापेक्षा मिथाइल ॲसिटेटच्या हायड्रोलिसिसचं प्रॅक्टिकल घे. तुझ्या फेअर जर्नलात ते अगदी गुळगुळीत आहे; अभिक्रियेचा वेग-स्थिरांक k, त्याच्या सगळ्या किमती एकसारख्या. पण तू रफ वहीच्या पानाचा फोटो पाठवलास त्यात खरी गंमत आहे. 100 मिली 0.5 नॉर्मल एचसीएलमध्ये 5 मिली मिथाइल ॲसिटेट हे एस्टर, दर वीस मिनिटांनी 2 मिली काढून बर्फाच्या पाण्यात, आणि 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेशन. ब्युरेटचं सुरुवातीचं रीडिंग 9.5 मिली, मग 10.6, 11.7, 12.6, 13.5. उरलेलं मिश्रण वॉटर बाथवर 60 अंशांना तापवून शेवटचं, म्हणजे अनंत काळाचं रीडिंग 18.5.

या आकड्यांवरून k काढला की दर मिनिटाला 0.0065, 0.0070, 0.0070, 0.0073 असा येतो. तो चढत जातोय. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेत तो स्थिर राहायला हवा. शेवटचं रीडिंग खऱ्यापेक्षा कमी आलं की k असाच चढतो, कारण उरलेलं एस्टर प्रत्येक वेळी तेवढंच कमी धरलं जातं आणि उरलेलं जसजसं घटतं तसतशी ती चूक जास्त बोचते.

आता पडताळून बघ. 5 मिली एस्टर म्हणजे साधारण 4.65 ग्रॅम. ते सगळं फुटून त्याचं आम्ल झालं तर 2 मिली मिश्रणामागे ब्युरेट 12 मिली वाढायला हवं, म्हणजे शेवटचं रीडिंग 21.5. तुझं वाढलं 9. पाव हिस्सा एस्टर गेलं कुठे? मिथाइल ॲसिटेट 57 अंशांना उकळतं आणि तुझा बाथ 60 वर होता. बूच सैल असेल तर ते उडून गेलं असणार. 21.5 धरून पुन्हा हिशोब केलास तर k येतो 0.0048, 0.0051, 0.0050, 0.0051. बघ, चढ गेला!

पण दुसरी शक्यताही आहे: तापवणं कमी पडलं आणि अभिक्रिया पुरी झालीच नाही. दोन्हींत फरक कसा करायचा? पुन्हा प्रयोग लावून तसंच तापव, रीडिंग घे, मग फ्लास्क घट्ट बूच लावून एक दिवस ठेव आणि पुन्हा रीडिंग घे. वाढलं तर अभिक्रिया अपुरी होती, तेवढंच राहिलं तर एस्टर उडालंय. लॅब असिस्टंट काकांना विचार, शनिवारी दुपारी ते नाही म्हणणार नाहीत.

स्टेटमेंटचा गाभा एवढाच ठेव. इंग्रजीत लिहिशील, पण मनात आधी असं मांड: ‘माझा k वेळेनुसार वाढत होता. एस्टर किती घातलं त्यावरून शेवटचं रीडिंग काढलं, तर मोजलेलं 3 मिलीने कमी निघालं. एस्टर उडालं असावं असं वाटलं, म्हणून बंद फ्लास्क दिवसभर ठेवून पुन्हा मोजलं.’ पुढे जे येईल ते, जसं येईल तसं. उलटं आलं तरी लिही. आणि मर्यादाही स्वतःच सांग: प्रयोग एकदाच केला होता, खोलीचं तापमान धरून ठेवलेलं नव्हतं. फेअर जर्नलातले दुरुस्त केलेले आकडे मात्र चुकूनही घालू नकोस. एका आकड्याने सगळ्यावरचा विश्वास उडतो.

मग संस्थेकडे वळ, तीन-चार वाक्यांत. ‘उत्प्रेरकांत रस आहे’ हे कुणीही लिहितं. तू निवडलेल्या मार्गदर्शकांचा एखादा अलीकडचा शोधनिबंध उघड आणि फक्त प्रयोगाचा भाग वाच. ते अभिक्रियेचा वेग कसा मोजतात? नमुना बाहेर काढतात की आतच मापतात? बाष्पनशील पदार्थ उडू नये म्हणून काय करतात? तुझ्या फसलेल्या रीडिंगपासून या प्रश्नांपर्यंत सरळ वाट जाते, आणि जीसी तिथे शिकायचं आहे असं मोकळेपणाने म्हणायला जागाही मिळते.

बंद फ्लास्कचं रीडिंग आलं की आधी मला कळव, मसुदा नंतर.

तुझे सर

ता. क. बुचाला ग्रीस लावू नकोस, पॅराफिल्म गुंडाळ.