"मुळे" काढलं की वाक्य फुसकं होतं, मग लिहायचं कसं?

*"लेखात मी लिहिलं होतं, 'लहानपणी रात्री दिवा लावून झोपवल्यामुळे मुलांना चष्मा लागतो.' तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, हे कारण नाही, नुसतं कोरिलेशन आहे. मग 'संबंध असू शकतो' असं केलं तर वाक्यात दमच राहिला नाही. दोन्ही सांभाळून कसं लिहू?"*

ताईंनी बरोबर पकडलंय, पण "संबंध असू शकतो" ही दुरुस्तीही चुकीचीच आहे, आणि वाक्य फुसकं वाटतंय ते त्यामुळेच. मी आरोग्यावरचे लेख एडिट करते आणि हा प्रकार आठवड्यातून एकदा तरी समोर येतो. शंका कारणाबद्दल असते आणि "शकतो" मात्र जाऊन बसतो निरीक्षणावर. तुमच्या वाक्यामागे जो अभ्यास आहे त्यात संबंध दिसलाच होता, अगदी ठळक दिसला होता, त्यात "असू शकतो" म्हणण्यासारखं काही नाही. ठाम सांगायची गोष्ट तुम्ही डळमळीत केलीत आणि जिथे खरी शंका आहे तिथे काहीच बोलला नाहीत.

तुमचं वाक्य जिथून आलंय तो अभ्यास १९९९ साली नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या टीमने मुलांच्या डोळ्यांच्या ओपीडीत आलेली २ ते १६ वयाची ४७९ मुलं घेतली आणि त्यांच्या आईवडिलांना विचारलं की मूल दोन वर्षांचं व्हायच्या आधी रात्री कसं झोपायचं, अंधारात, नाइट लॅम्पमध्ये की खोलीचा मोठा दिवा चालू ठेवून. अंधारात झोपलेल्यांपैकी १० टक्के मुलांना मायोपिया होता, म्हणजे मायनसचा नंबर, नाइट लॅम्पवाल्यांमध्ये ३४ टक्के, आणि मोठ्या दिव्यावाल्यांमध्ये ५५ टक्के.

आता हे आकडे असताना "मुळे"ची गरजच काय आहे? "दोन वर्षांच्या आत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्क्यांना मायनसचा नंबर होता, मोठ्या दिव्यात झोपलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना." एवढंच लिहा. यात कुठेही कच खाल्लेली नाही, शब्दन् शब्द खरा आहे, आणि वाचणारा दचकतोच.

यात मी दोन गोष्टी बदलल्या आणि दोन्ही मराठीच्या व्याकरणातल्या आहेत म्हणून जरा सावकाश सांगते. एक म्हणजे "झोपवल्यामुळे"चं "झोपलेल्या मुलांपैकी" केलं. "मुळे" सगळ्यांना दिसतं पण "झोपवल्याने", "झोपवलं की", "झोपवलं तर" हेही तेच काम करतात, आधी हे केलं आणि मग ते झालं. "झोपलेल्या मुलांपैकी" म्हटलं की आपण फक्त एका गटाकडे बोट दाखवतो, त्या गटात आणखी काय काय वेगळं होतं ही वाट उघडी राहते. दुसरं, "लागतो"चं "होता" केलं. "चष्मा लागतो" म्हणजे नियम झाला, नेहमीच असं होतं, उद्या तुमच्याही मुलाला होईल. "नंबर होता" म्हणजे या ४७९ मुलांमध्ये हे दिसलं. माझा अनुभव असा की लोक "मुळे" शोधून काढून टाकतात आणि क्रियापद तसंच ठेवतात, मग वाक्य दिसायला सुधारलेलं पण दावा तोच.

पण १०, ३४, ५५ अशी चढती पायरी बघितली की मनात येतंच, जेवढा उजेड जास्त तेवढा नंबर जास्त, मग हे कारण नाही तर काय? अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते, कोण कुठल्या गटात जाणार हे ठरवलं कोणी? इथे कोणी चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, दिवा चालू ठेवायचा की बंद हे आईवडिलांनीच ठरवलं होतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुठले आईवडील दिवा चालू ठेवतात?

पुढच्याच वर्षी, २०००मध्ये, अमेरिकेतल्याच दोन वेगळ्या टीमनी नेचरमध्येच आपापले निकाल दिले. त्यांच्या मुलांमध्ये दिवा आणि मायोपिया यांचा संबंध सापडला नाही, पण दुसरीच गोष्ट दिसली, ज्या आईवडिलांना स्वतःला मायोपिया होता ते मुलांच्या खोलीत दिवा जास्त लावत होते. आणि मायोपिया घराण्यात चालतो हे माहीतच होतं. १९९९च्या अभ्यासात आईवडिलांचा नंबर हिशेबात धरलेला नव्हता. डोळ्यासमोर आणून बघा, रात्री दोनला बाळ रडतंय, चष्मा कुठे ठेवलाय सापडत नाहीये, अशा माणसाने मुळात दिवा चालूच ठेवला तर नवल काय. आणि ज्याला नंबर जास्त त्याला उजेडही जास्त लागणार असं धरलं, तर ती चढती पायरी दिव्याने डोळ्यांना काहीही न करतासुद्धा तयार होऊ शकते. इथे बघा, "शकते" आलं, पण आता ते योग्य जागी आहे.

तर तुमच्या वाक्याची मजा कारण काढल्याने जात नाही, कारणाच्या जागी रिकामी जागा सोडल्याने जाते. दुसरं संभाव्य कारण तिथे आणून ठेवा, त्याच्या खऱ्या तपशिलासकट. मला तर चष्मा न सापडणारी आई ही दिव्यापेक्षा जास्त मोठी बातमी वाटते.

फक्त उलट्या टोकाला जाऊ नका. "दिव्याचा काहीच परिणाम होत नाही हे सिद्ध झालं" असं लिहिलंत तर परत तीच चूक, कारण नंतरच्या टीमनीही कोणाला दिवा वाटून दिला नव्हता, प्रश्नच विचारले होते. त्यांना संबंध सापडला नाही, एवढंच लिहा. पहिल्या टीमवरही सगळं ढकलू नका, यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे त्यांनी पेपरमध्ये स्वतःच लिहिलं होतं, फक्त त्याच वाक्यात पुढे अंधार न मिळणं हा एक संभाव्य घटक असल्याचंही सुचवलं होतं. आणि लेखाच्या शेवटी "म्हणून रात्री दिवा बंद ठेवा" असा सल्ला असेल तर तो काढा. वर कितीही जपून लिहिलं तरी तो सल्ला म्हणजे न लिहिलेलं "मुळे"च आहे.

मी असं लिहीन, हवं तर उचला: "१९९९च्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या आत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्क्यांना मायनसचा नंबर होता, तर मोठ्या दिव्यात झोपलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना. दोष दिव्याचा वाटला. पण वर्षभरात दुसऱ्या दोन टीमना हा संबंध सापडला नाही, सापडलं ते असं की दिवा चालू ठेवणाऱ्या आईवडिलांमध्ये स्वतः मायनसचा नंबर असलेले जास्त होते. मुलांना नंबर दिव्यातून आला की आईवडिलांकडून, हे पहिल्या अभ्यासातून सांगता येत नाही."

हेडिंगला "दिव्यात झोपलेल्या मुलांना चष्मा जास्त का होता?" चालेल. प्रश्न खरा आहे आणि खाली त्याचं उत्तर शोधलेलं आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला फसवल्यासारखं होत नाही.