गळलेली ओळ

बाय, इतिवृत्त पाठवून झाल्यावर का होईना, तुझ्या लक्षात आलं. स्टोअरचे काका बैठकीत एकदाच, हळू आवाजात म्हणाले होते, "जुलैत अनमोड घाटात दरड पडली तर बेळगावचा माल अडकेल. दोन दिवसांचा साठा हवा." कुणी उत्तर दिलं नाही, विषय पुढे सरकला. तू फक्त निर्णय टिपलेस, म्हणून ते गळलं. माझंही पूर्वी असंच व्हायचं.

आता फाईल गुपचूप बदलू नकोस. आधी काकांना वाक्य वाचून दाखव. "दोन नव्हे, तीन" असंही म्हणतील. मग आजच सगळ्यांना दुरुस्ती पाठव: 'धोका मांडला, चर्चा झाली नाही, साठ्याचं कोण बघणार ते ठरायचं आहे.' साहेब कपाळाला आठ्या घालतील, घालू देत.